मदत हवी आहे: चेनलिंक जाळी कितीही ओढली तरी झोळी पडते, पुलर नेमका लावायचा कसा?

कातळवाडी
नमस्कार मंडळी. गुहागरकडे आमची थोडी आंब्याची बाग आहे, गुरं आत शिरतात म्हणून यंदा जाळी मारायला घेतली. एक बाजू साधारण 96 फूट, दर 8 फुटांवर लोखंडी अँगल, खड्ड्यात काँक्रीट. जाळी 5 फुटी, 2 इंची घराची, 50 फुटाचे दोन रोल. मिस्त्रीने दोन माणसं लावून हाताने ओढली आणि प्रत्येक अँगलला काळ्या बाइंडिंग तारेने आवळून टाकली. आता दोन अँगलच्या मधे जाळी अशी लोंबते की गाईने नुसती मान टाकली की वरची कड गुडघ्यापर्यंत खाली. शिवाय दोन रोल जोडलेत ते वीतभर एकावर एक ठेवून तारेने शिवलेत, गोधडीला ठिगळ लावल्यासारखं. मिस्त्री म्हणतो जाळी अशीच असते. मी शेजाऱ्याकडून रॅचेटचा हातपुलर आणलाय, पण त्याचा हुक जाळीत अडकवला तर एकच घर लांब होतंय, बाकी जाळी ढिम्म. कुणी केलंय का हे काम?

बागायतदार७
वरून, मधून, खालून अशा तीन आडव्या जीआय तारा ओढा आणि जाळी त्यांना बांधा, लोंबायची बंद होईल. आमच्याकडे तसंच आहे. पुलर बिलर कशाला, ट्रॅक्टरला बांधून ओढा.

लोखंडी_माणूस
आडवी तार पाहिजेच, ते बरोबर, पण ती जाळीची कड धरून ठेवते, जाळीतला ढिलेपणा काढत नाही. वरची कड सरळ दिसेल आणि पोट तसंच सुटलेलं राहील. आणि ट्रॅक्टर नको हो, क्लच सोडताना अर्धा फूट जादा गेला तर घरं अशी लांबतात की परत येत नाहीत नाहीतर कोपऱ्याचा अँगलच आडवा.

कातळवाडी, हुक जाळीत कधीच अडकवायचा नाही. जाळीच्या पूर्ण उंचीची एक सळई प्रत्येक घरातून खालीवर ओवायची आणि पुलरने सळई ओढायची, म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळ्या तारांवर ताण एकदम येतो. अशा सळया तीन लागतील. एक सुरुवातीच्या खांबाला कायमची, एक शेवटच्या खांबाला कायमची आणि एक तात्पुरती, शेवटच्या खांबाच्या अलीकडे 3-4 फुटांवर, जिला पुलर लागतो. पुलरचं दुसरं टोक शेवटच्या खांबाला, पण आधी त्या खांबाला आतल्या बाजूने तिरका टेकू दिलाय का ते सांगा. आणि काँक्रीट कधीचं?

कातळवाडी
टेकू नाही दादा. काँक्रीट परवाचं.

लोखंडी_माणूस
मग आठवडाभर थांबा, पाणी मारत राहा. आत्ता ओढलंत तर खांब काँक्रीटसकट हलेल. तेवढ्यात दोन्ही टोकांना टेकू मारून घ्या.

वाडीवरची
आमच्याकडे गाई नाहीत, रानडुकरं येतात. जाळी छान ताठ आहे पण ती खालून उकरून शिरतात, त्याला काय करावं? खालची कड जमिनीत पुरली तर गंजेल ना?

लोखंडी_माणूस
ताई, तो वेगळा विषय, वेगळा धागा काढा, इथे भरकटेल. पुरलेली जाळी आपल्या खाऱ्या हवेत लवकर जाते एवढं मात्र खरं.

आता जोड. तो ठिगळ उसवा. चेनलिंकची जाळी म्हणजे नागमोडी तारा एकमेकींत फिरवलेल्या असतात. एका रोलच्या टोकाची तार घ्या, तिची वरची आणि खालची गाठ पक्कडीने उघडा आणि तार वरून धरून स्क्रूसारखी फिरवत वर काढा. दोन्ही रोलची टोकं शेजारी शेजारी उभी करा आणि तीच तार दोघांच्या मधून तशीच फिरवत खाली उतरवा, मग वरखाली गाठी परत दुमडा. नीट बसली तर जोड कुठे आहे ते तुम्हालाच सापडणार नाही. ती तार एका बाजूचं घर पकडते आणि दुसऱ्या बाजूचं सोडते असं झालं तर समजा दोन्ही कडांची नागमोड जुळत नाही, तेव्हा एका रोलची अजून एक तार काढून परत बघा.

बागायतदार७
एवढी कटकट कशाला, जोड खांबावर आणायचा आणि वेल्डिंगचा टाका मारायचा.

लोखंडी_माणूस
टाका मारला की तिथलं जस्त जळतं, दोन पावसाळ्यात तिथूनच तपकिरी ओघळ येतील. काळी बाइंडिंग तारही त्याच कारणाने नको, जीआय तार घ्या.

कातळवाडी (दहा दिवसांनी)
अपडेट देतो. जोड तिसऱ्या खेपेला जमला, दोनदा नागमोड उलटी येत होती, एक तार जादा काढल्यावर अशी सर्रकन उतरली की मिस्त्री पण बघत बसला. पण ओढताना दोन भानगडी झाल्या. तात्पुरती सळई मी 8 एमएमची घेतली आणि पुलर मधोमध लावला, तर सळई धनुष्यासारखी वाकली, मधली घरं ताणली, वरची कड तशीच सैल. दुसरी म्हणजे शेवटच्या चार गाळ्यांत जाळी ढोलासारखी वाजते आणि पलीकडे अजून लोंबतेच, पुलरचा दांडा आता माझ्याने हलत नाही.

लोखंडी_माणूस
थांबा, दांड्याला पाइप घालून जोर लावू नका! ताण मधेच अडलाय. मिस्त्रीच्या जुन्या काळ्या तारा मधल्या अँगलना अजून आवळलेल्या असणार. ओढताना जाळी मधल्या प्रत्येक खांबावरून सरकली पाहिजे. तिथे वर फक्त एक सैल फास, जाळी पडू नये इतकाच. पुलर एक एक खाच सोडत ढिला करा, दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नका आणि मग सगळे फास तपासा.

सळई 12 एमएमची घ्या, वरून आणि खालून साधारण सव्वा फुटावर साखळीची दोन टोकं बांधा आणि साखळीच्या मधे पुलरचा हुक. साखळी लांब ठेवा, आखूड ठेवली तर सळईची दोन्ही टोकं आत दाबली जातात. ओढताना मधेमधे एका घराच्या दोन तारा चिमटीत दाबून बघा, पाव इंचापेक्षा जास्त जवळ येत नसतील तर बस्स. त्यापुढे ओढलंत तर घरं आडवी लांबतात आणि जाळीची उंचीच कमी होते.

कातळवाडी
सापडलं! पाचव्या आणि सातव्या अँगलला गवतात लपलेल्या खालच्या तारा राहिल्या होत्या. त्या कापल्यावर जाळी करकर करत सरकली, सगळी बाजू एकसारखी आली आणि शेवटी हातभर जाळी उरली. जादा तारा फिरवून काढल्या, कायमची सळई ओवली, शेवटच्या अँगलला फूट फूट अंतरावर दुहेरी जीआय तारेने बांधली आणि मगच पुलर सोडला. जाळी बोटभर मागे गेली पण ताठ आहे. मधले अँगल आता बांधतोय.

फक्त पुढची बाजू उताराची आहे, वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला तीनेक फुटांचा फरक. तिथेही अशीच ओढायची का?

बागायतदार७
पायऱ्या पायऱ्या करा.

लोखंडी_माणूस
पायऱ्या केल्या की प्रत्येक पायरीखाली त्रिकोणी भोक, वासरू आरामात जाईल. उतार सगळीकडे सारखा असेल तर सळई ओळंब्यात धरून टोकाच्या तारा तिरक्या कापाव्या लागतील, मधेच चढ बदलत असेल तर तिथे एक टेकूवाला खांब घेऊन दोन तुकड्यांत ओढावी लागेल. फोटो टाका आधी, बांधाच्या उंचीवरून कळेल.

वाडीवरची
माझ्या डुकरांचं राहिलंच.