जिथे रिजेक्ट झालो तिथेच पुन्हा अर्ज: जुना इंटरव्ह्यू सांगायचा की नाही?

ओंकार, चंदननगर
खराडीतल्या एका कंपनीत आठ महिन्यांपूर्वी बॅकएंडच्या दुसऱ्या टेक्निकल राउंडला बाद झालो. क्वेरी स्लो का आहे ते सांगता आलं नाही. आता तीच जागा पुन्हा निघाली आहे. मधल्या काळात त्याच विषयावर काम केलंय. जुना इंटरव्ह्यू स्वतःहून सांगू, की नवा ईमेल काढून अर्ज टाकू?

निखिल, वाकड
अजिबात सांगू नकोस. एकदा नापास झालो हे आपणच सांगायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. सहा महिने उलटले की सगळीकडे पाटी कोरी होते.

मृणाल, हिंजवडी
अकरा वर्षं रिक्रुटमेंटमध्ये आहे. पुन्हा अर्ज करण्याआधी थांबायचे सहा महिने बऱ्याच ठिकाणी असतात हे खरं, पण कुठे तीन असतात, कुठे वर्ष, आणि किती पुढच्या राउंडला बाद झालात त्यावरही ते बदलतं. ते संपलं की अर्ज करता येतो, एवढंच. जुनी नोंद पुसली जात नाही. इंटरव्ह्यू घेणाऱ्याने लिहिलेल्या दोन ओळीही तिथेच राहतात.

नव्या ईमेलने काही साधत नाही. फोन नंबर, नाव आणि जुन्या नोकऱ्यांवरून तोच माणूस सापडतो. शिवाय पुष्कळ फॉर्मांत ‘आधी आमच्याकडे इंटरव्ह्यू दिलाय का?’ असं विचारतात. तिथे ‘नाही’ लिहून सापडलात, तर ऑफर हातात आल्यावरही ती मागे घेतलेली मी पाहिली आहे. डेटाबेसचं कच्चं ज्ञान समजून घेता येतं, खोटं उत्तर नाही.

स्वप्नाली, भोसरी
माझंही असंच झालं! सगळे राउंड पार केले आणि नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडवरून नाही म्हणाले. वर्षभराने गेले तेव्हा नोटीसचे वीसच दिवस उरले होते, लगेच घेतलं. ओंकार, आधी नोटीस टाक, मग अर्ज कर.

मृणाल, हिंजवडी
स्वप्नाली, तुमची अडचण तारखेची होती, ती तारखेने सुटली. ओंकारची ज्ञानाची होती. त्याने हातची नोकरी सोडून काहीच सिद्ध होणार नाही. ओंकार, रिक्रुटरला काय लिहिणार ते इथे टाक.

ओंकार, चंदननगर
‘मागील वेळेपेक्षा माझे डेटाबेसचे ज्ञान खूप सुधारले आहे. मी दोन ऑनलाइन कोर्स पूर्ण केले आहेत.’

मृणाल, हिंजवडी
यावरून मला काहीच कळत नाही. कोर्स सगळेच करतात. स्वतः काय दुरुस्त केलंस?

ओंकार, चंदननगर
ऑफिसात रोजच्या विक्रीचा रिपोर्ट उघडायला चाळीस सेकंद लागायचे. तारखेच्या कॉलमवर इंडेक्स होता, तरी `EXPLAIN` मध्ये पूर्ण टेबल वाचलेलं दिसायचं. कारण क्वेरी अशी होती:

```sql
WHERE DATE(created_at) = '2024-06-10'
```

कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळल्यामुळे इंडेक्स वापरलाच जात नव्हता. मी असं केलं:

```sql
WHERE created_at >= '2024-06-10'
  AND created_at < '2024-06-11'
```

रिपोर्ट दोन सेकंदांच्या आत यायला लागला. इंटरव्ह्यूत मला हेच विचारलं होतं आणि मी ‘इंडेक्स लावू’ एवढं म्हणून गप्प बसलो होतो.

मृणाल, हिंजवडी
मग हेच लिही! कधी इंटरव्ह्यू दिला, कुठे अडकलो, नंतर कामात काय सापडलं आणि किती फरक पडला, चार ओळींत. ऑफिसचा कोड किंवा स्क्रीनशॉट मात्र जोडू नकोस. मालकाचा माल बाहेर दाखवणाऱ्याला आम्ही घाबरतो. घरी MySQL वर खोट्या नोंदींचं टेबल करून तेच दाखव.

समीर, मगरपट्टा
मृणालताई, मी इंटरव्ह्यू घेणाऱ्यांतला, आणि इथे माझं तुमच्याशी पटत नाही. रिक्रुटरला जरूर सांगावं, फॉर्ममध्ये तर खरंच लिहावं, पण हे माझ्यापर्यंत येऊ नये. मी समोरच्याचा जुना फीडबॅक मुद्दाम वाचत नाही, कारण वाचला की कान त्याच एका चुकीकडे लागतात. आणि उमेदवाराने स्वतः ‘डेटाबेस सुधारला’ म्हटलं की मी तासभर तिथेच खणतो. ओंकार, इंडेक्स असूनही डेटाबेस तो कधी सोडून देतो? दोन कॉलमांच्या इंडेक्समध्ये क्रम बदलला तर काय होतं? एकच किस्सा पाठ असेल तर तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडशील.

ओंकार, चंदननगर
दुसऱ्याचं येतं. क्वेरीत फक्त दुसऱ्या कॉलमवर अट असेल तर तो इंडेक्स सहसा कामी येत नाही. पहिल्याचं अर्धवट माहीत आहे. बहुतेक ओळी हव्याच असतील तर पूर्ण टेबल वाचणंच स्वस्त पडतं, एवढंच.

समीर, मगरपट्टा
अर्धवट नाही, मुद्दा तोच आहे. आता टेबलात दहा लाख ओळी भर, अट हळूहळू सैल करत जा आणि `EXPLAIN` कुठे पलटतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. त्यानंतर अर्ज टाक.

निखिल, वाकड
‘अजिबात सांगू नकोस’ म्हणालो ते मागे घेतो. पण रेझ्युमेवर रिजेक्शनचा उल्लेख नकोच, यावर ठाम आहे.

मृणाल, हिंजवडी
रेझ्युमेवर मीही म्हटलं नव्हतं. तिथे फक्त रिपोर्टचं काम येईल, जुना इंटरव्ह्यू रिक्रुटरच्या ईमेलमध्ये. समीर, फीडबॅक न वाचण्याचं मात्र मला पटलेलं नाही. न वाचता सुधारणा कशाच्या तुलनेत मोजणार?