बँग-बँग कंट्रोल: स्विचिंग कर्व्ह लावायचा की पीडीवर भागतं?

सरळरेषा: रुळावरची गाडी, घर्षण नगण्य, त्वरण जास्तीत जास्त 1 मीटर प्रति सेकंद वर्ग, दोन्ही दिशांना. कमीत कमी वेळात शून्यावर आणून थांबवायची. माझं मत असं की स्विचिंग कर्व्ह परीक्षेपुरता ठीक, प्रत्यक्षात पीडी लावा, गेन भरपूर ठेवा, आउटपुट सॅच्युरेट होऊ द्या, काम होतं. मी 4 मीटरवरून चालवलं, मस्त थांबली. पटत नसेल तर कारण सांगा.

अर्धाप्रवास: एवढं डोकं कशाला लावायचं, अर्ध्या अंतरापर्यंत पूर्ण जोर आणि उरलेल्या अर्ध्यात पूर्ण ब्रेक. 4 मीटरला 2 सेकंद आणि 2 सेकंद, झालं.

फेजप्लेन: अर्धाप्रवास, गाडी आधी उभी असेल तर बरोबर आहे तुमचं. पण समजा ती शून्यावरच आहे आणि 2 च्या वेगाने पलीकडे निघालीय, मग कशाचं अर्धं करणार? आधी ब्रेक लावून 2 मीटरवर थांबेल, तोच जोर चालू ठेवून परत फिरेल, आणि 1 मीटर उरला की जोर उलटा. हे सगळं एकाच नियमात बसतं, x जागा, v वेग, u लावायचं त्वरण:

```
s = x + v*abs(v)/(2*a)
u = -a*sign(s)
```

s = 0 म्हणजेच स्विचिंग कर्व्ह. आत्ताच्या वेगाने जाताना पूर्ण ब्रेक लावला तर बरोब्बर शून्यावर थांबाल अशा सगळ्या जागा त्याच्यावर येतात.

आता सरळरेषा, तुमच्या पीडीचं. गेन भरपूर म्हणजे तुम्ही वक्राऐवजी x + cv = 0 ही सरळ रेषा घेतलीत. c = 1 धरला तर ती वक्राला 2 मीटरवर छेदते आणि 4 मीटरवरून निघालेली गाडी नेमकी तिथेच पोचते, म्हणून तुम्हाला मस्त वाटलं! तीच गाडी 16 मीटरवरून सोडा, ब्रेक इतका उशिरा लागतो की शून्य ओलांडून साधारण साडेसहा मीटर पुढे जाते, कारण थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं आणि रेषेला ते माहीतच नाही. 1 मीटरवरून सोडली तर उलट होतं, रेषा लवकर लागते आणि गाडी तिच्यावरून रांगत येते, 2 सेकंदांचं काम, पण शेवटच्या सेंटिमीटरपर्यंत यायलाच 5 लागतात.

थंडगार: बँग-बँग म्हणजे थर्मोस्टॅटसारखंच ना, चालू-बंद? त्यात वक्र कुठून आला?

फेजप्लेन: तिथे फक्त तापमान बघतात म्हणून एक आकडा पुरतो. इथे जागा आणि वेग दोन्ही बघावे लागतात, म्हणून सीमा एका आकड्याऐवजी वक्र होते.

सरळरेषा: 16 मीटरचं मान्य, मी एकाच अंतरावर तपासलं होतं. पण तुमचा वक्र a अचूक माहीत आहे असं गृहीत धरतो आणि माझ्या मोटरचा जोर गरम झाल्यावर कमी होतो, मग?

फेजप्लेन: हा खरा मुद्दा. वक्रात a = 1 लिहिला आणि प्रत्यक्षात 0.8 च मिळाला तर 4 मीटरवरून येताना ब्रेक उशिरा लागून गाडी 44 सेंटिमीटर पलीकडे जाते, मग परत 5 सेंटिमीटर अलीकडे, दर वेळी चूक आधीच्या नवव्या हिश्शाएवढी उरते. सगळं थांबायला 7.07 सेकंद, खरा किमान वेळ 4.47.

उलट चूक करा: वक्रात 0.8 लिहा आणि मोटर 1 देऊ दे (जोर मात्र पूर्ण लावायचा). ब्रेक थोडा आधी लागतो, मग गाडी वक्राच्या कडेकडेने पटापट चालू-उलट होत उतरते आणि 4.24 सेकंदात पोचते, किमान 4 होते. म्हणजे सहाच टक्के जास्त. म्हणून वक्रात ब्रेक नेहमी हात राखून धरायचा, हार्ड डिस्कच्या हेडच्या सर्वोमध्येही असंच करतात, शिवाय शून्याजवळ आल्यावर साध्या लिनिअर कंट्रोलवर जातात म्हणजे थडथड थांबते.

पट्टा_ढिला: आमच्या मशीनवर पट्टा आहे, बँग-बँगने जागेवर वेळेत पोचतो पण नंतर टोक हलत राहतं, ते शांत व्हायची वाट बघण्यात कमावलेला वेळ जातो. वक्र कितीही नीट काढला तरी तेच.

फेजप्लेन: तुमच्याकडे डबल इंटिग्रेटर नाहीच, पट्ट्याची स्प्रिंग मॉडेलमध्ये आली की दोन अवस्था वाढतात. एक कंपन धरलं तरी उभ्यापासून उभ्यापर्यंत सहसा तीन स्विच लागतात, आणि त्यांच्या वेळा कंपनाच्या वारंवारतेवर ठरतात.

पट्टा_ढिला: आणि वजन बदललं की ती वारंवारताही बदलते. मी तर जोर हळूहळू चढवतो, किमान वेळ सोडून दिला.

सरळरेषा: 0.8 चं आज करून बघतो. पण माझ्याकडे वेगाचा सेन्सर नाही, जागेच्या फरकातून काढतो, त्यात गोंगाट खूप आणि s मध्ये v चा वर्ग आहे, तेव्हा जास्त वेगात स्विच एक-दोन सॅम्पल इकडेतिकडे होणारच. फिल्टर लावला तर उशीर होतो, नाही लावला तर थडथड. यावर कोणी काय केलंय?