पाच वर्षांचा हिशेब लिटरमध्ये : विजेची स्कूटर की पेट्रोलची?

नवी गाडी : जुनी पेट्रोल स्कूटर विकायला काढली आहे. ऑफिसला जाऊन-येऊन रोज ३० किलोमीटर, सगळं शहरातलंच, वर्षाला साधारण ३०० दिवस. विजेची घेतली तर पाच वर्षांत खरंच स्वस्त पडते का? पेट्रोल वाचतं हे मलाही कळतं. गाडीची किंमत, बॅटरी, सर्व्हिसिंग, सगळं धरून कोणी सांगेल का?

जुनं ते सोनं : नादी लागू नका. बॅटरी हजार वेळा चार्ज केली की संपते. रोज रात्री प्लग लावणार म्हणजे तीन वर्षांत खेळ खलास. मग नवी बॅटरी घ्यायची वेळ आली की पेट्रोलचे वाचलेले सगळे पैसे तिकडे जातात. आमच्या घरची पेट्रोल स्कूटर बारा वर्षं चालली.

हिशेबी : भाव सगळीकडे वेगळे असतात, म्हणून मी पैशांऐवजी लिटरमध्ये बोलतो. एक लिटर पेट्रोल हेच आपलं नाणं समजा. धरून चालू की विजेच्या दहा युनिटला एका लिटरचे पैसे पडतात. तुमच्याकडे हे प्रमाण वेगळं असेल तर तेवढा आकडा बदलून घ्या.

रोज ३० प्रमाणे पाच वर्षांत ४५,००० किलोमीटर होतात. सिग्नलवर थांबत चालणारी ११०-१२५ सीसी स्कूटर लिटरला ४५ देते असं धरलं तर १,००० लिटर पेट्रोल. विजेची स्कूटर अशाच रस्त्यांवर भिंतीच्या सॉकेटमधून किलोमीटरमागे सुमारे ३५ वॉट-तास ओढते. हजार वॉट-तासांचं एक युनिट, म्हणजे १,५७५ युनिट, आपल्या नाण्यात १५८ लिटर. 'भिंतीच्या सॉकेटमधून' हे मुद्दाम म्हटलं. गाडीच्या पडद्यावर दिसतो तो बॅटरीतून गेलेला आकडा. चार्जर तापण्यात जातं ते त्यात येत नाही, पण बिलात येतं. दहा-पंधरा टक्के सहज.

आता बाकीचं. समजा पेट्रोल स्कूटर १,००० लिटरला मिळते आणि विजेची १,३०० ला. पाच वर्षांचं ऑइल, फिल्टर, प्लग, व्हेरिएटरचा बेल्ट, ब्रेक वगैरे पेट्रोलला १५० लिटर, विजेच्या गाडीला ६०. शेवटी विकताना पेट्रोलचे ४०० परत येतात, विजेचे ३००. बेरीज-वजाबाकी केली तर पेट्रोल १,७५० लिटरला पडली आणि विजेची १,२१८ ला. फरक ५३२ लिटरचा.

आणि 'जुनं ते सोनं', रोज प्लग लावला म्हणजे रोज बॅटरीची एक सायकल, म्हणजे एक पूर्ण चार्ज, खर्च झाली असं नसतं. पूर्ण चार्जमध्ये गाडी ९० किलोमीटर जाते आणि रोज ३० चालते, म्हणजे एक सायकल व्हायला तीन दिवस लागतात. पाच वर्षांत ५००.

जुनं ते सोनं : म्हणजे बॅटरी कधी जातच नाही का?

हिशेबी : जाते. पण सायकल मोजून नाही, वयाने आणि उष्णतेने जास्त जाते. दिवसभर उन्हात उभी, आल्या आल्या गरम असतानाच चार्जिंगला, सकाळपर्यंत शंभर टक्क्यांवर तशीच. हे रोज झालं की कमी चालवलेली बॅटरीही म्हातारी होते.

तुमच्या मुद्द्यात तथ्य मात्र आहे. वरच्याच हिशेबात नवी बॅटरी ५०० लिटरच्या आसपास पडेल. वॉरंटी संपल्यावर आणि पाच वर्षांच्या आत ती एकदाच जरी घ्यावी लागली, तर ५३२ मधले ३२ उरतात.

लांबचा पल्ला : मी गेल्या महिन्यात विजेच्या स्कूटरवर १४० किलोमीटर जायला निघालो. अर्ध्या वाटेत चार्जिंगला दोन तास बसलो, चहा घेऊन घेऊन पोट बिघडलं. पेट्रोलला दोन मिनिटं लागतात. स्वस्त पडून उपयोग काय?

नवी गाडी : अहो, मी ऑफिसला जाते, दौऱ्यावर नाही. :)

मीटरवाला : मी चार वर्षं विजेची चालवतोय. पहिल्या महिन्यातच सॉकेटला लावायचा छोटा युनिट मीटर आणला आणि वही ठेवली. तेव्हा रिकाम्यापासून पूर्ण चार्जला ३.४ युनिट लागायचे आणि गाडी ९७ किलोमीटर जायची. परवा पुन्हा मोजलं. २.९५ युनिट भरले आणि ८४ किलोमीटर झाले. म्हणजे बॅटरी तेरा टक्के आटली. पण भागून बघा, किलोमीटरमागे तेव्हाही ३५ वॉट-तास, आताही ३५. बॅटरी म्हातारी झाली म्हणून खर्च वाढत नाही, फक्त प्लग लवकर शोधावा लागतो. रोज ३० च जायचं असेल तर ८४ काय आणि ६० काय, कळतसुद्धा नाही. लोक 'रेंज कमी झाली' म्हणून गाडी काढतात, त्यातल्या निम्म्यांना काढायची गरज नसते असं माझं मत.

तेलकट हात : मी रोज दोन्ही गाड्या उघडतो, म्हणून बोलतो. हिशेबी साहेबांचं गणित ठीक आहे, पण दोन ठिकाणी कागदावरचं आहे. एक म्हणजे विजेच्या गाडीचं मागचं टायर. पहिल्या फटक्याला जोर मिळतो म्हणून सिग्नलला सगळेच पिळतात. मागचं टायर पेट्रोलवालीपेक्षा आधी गुळगुळीत झालेलं मी कितीदा पाहिलंय. त्यात मोटर चाकातच असेल तर चाक काढायचं म्हणजे वायरीसकट. साधा पंक्चरवाला हात लावत नाही.

दुसरं म्हणजे वॉरंटीबाहेर मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर किंवा चार्जर गेला तर तो दुरुस्त होत नाही, बदलतात. पेट्रोलवाल्या गाडीत मी कार्ब्युरेटर साफ करून द्यायचो, इंजेक्टरही साफ होतो. इथे बंद डबा काढायचा आणि बंद डबा बसवायचा. ६० लिटर हा आकडा काहीच न बिघडलेल्या गाडीचा आहे.

हिशेबी : मान्य. ६० ऐवजी १५० धरा, म्हणजे दोन्ही गाड्यांची देखभाल सारखी. तरी ४४२ लिटरनी विजेची पुढे राहते. रोजच्या ३० किलोमीटरला देखभालीने निकाल फिरत नाही. फिरतो तो कमी चालवणाऱ्यांचा. रोज ८ च किलोमीटर असतील तर पाच वर्षांत १२,००० होतात. पेट्रोल २६७ लिटर, वीज ४२ लिटर, वाचले २२५. गाडीच्या किमतीतलाच फरक ३०० चा आहे. वर विकताना शंभरेक कमी येतात. तिथे पेट्रोलच घ्यावी. देखभाल माझ्या मूळ १५० आणि ६० वरून किलोमीटरच्या प्रमाणात धरली, तर रोज बारा-तेरा किलोमीटरला दोन्ही बरोबरीत येतात.

तेलकट हात : इथे मात्र तुम्ही पेट्रोलला झुकतं माप दिलंत. ८ किलोमीटर म्हणजे जाताना ४ आणि येताना ४. इंजिन नीट गरम व्हायच्या आत गाडी स्टँडला लागते. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं. अशा गाडीला ४५ चं ॲव्हरेज कुठून येणार? ३६ आलं तरी देवाची कृपा. शिवाय ऑइल किलोमीटर झाले नाहीत तरी मुदतीवर बदलावंच लागतं.

हिशेबी : हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ३६ धरलं तर २६७ चे ३३३ लिटर होतात. पेट्रोल तरीही पुढे राहील, पण थोडक्यात. बारा-तेराचा आकडा मग दहाच्या आसपास येईल.

तिसरा मजला : सगळ्यांनी घरी सॉकेट आहे असं धरूनच गणित केलंय. मी तिसऱ्या मजल्यावर, गाडी खाली रस्त्यावर, बॅटरी निघत नाही. पहिले दोन महिने वरून वायर सोडली, मग शेजाऱ्यांशी वाद. आता बाहेरच्या चार्जरवर जातो. तिथे युनिटला घरच्या तिप्पट घेतात. आठवड्यातून दोनदा पाऊण तास तिथे उभं राहायचं. त्या वेळेची किंमत कोणत्या लिटरमध्ये मोजायची?

हिशेबी : वेळेचं तुम्ही ठरवा. विजेचं सांगतो, तिप्पट दराने १५८ चे ४७३ लिटर होतात. म्हणजे ५३२ चा फायदा २१७ वर येतो. फायदा राहतो, पण एखादा कंट्रोलर गेला की संपला.

तिसरा मजला : म्हणूनच म्हणतो, निघणारी बॅटरी असलेली घ्यायला हवी होती.

मीटरवाला : निघणारी बॅटरी रोज तीन मजले चढवून बघा एकदा. एकेक दहा-बारा किलोची, काही गाड्यांत दोन असतात.

जुनं ते सोनं : विकताना ३०० लिटर येतील हे कशावरून? माझ्या मेव्हण्याने पाच वर्षांची विजेची विकायला काढली. येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, बॅटरी किती उरली? कागद कोणाकडेच नाही. शेवटी भंगारापेक्षा जरा बऱ्या भावात गेली.

हिशेबी : हे माझ्या हिशेबातलं सगळ्यात कच्चं अंग आहे, नाकारत नाही. विकून शून्य आले असं धरलं तरी विजेची १,५१८ आणि पेट्रोल १,७५०. तुमच्या मेव्हण्यांकडे 'मीटरवाला'सारखी वही असती तर कदाचित भाव आला असता. घेणाऱ्याला पटवायला तेवढंच साधन आहे.

जुनं ते सोनं : वही बघून कोणी पैसे देतं होय!

नवी गाडी : बापरे, एवढं होईल वाटलं नव्हतं. घरी पार्किंगमध्ये सॉकेट आहे, माझ्याच मीटरवर. त्यामुळे विजेचीच घ्यावी असं वाटतंय. काल शोरूममधून वॉरंटीचा कागद आणला. बॅटरीला पाच वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तरच बदलून देणार.

हिशेबी : तुमचे वर्षाला ९,००० होतात. म्हणजे पाच वर्षांची वॉरंटी तुमच्यासाठी साडेचारसुद्धा नाही, चार वर्षं पाच महिन्यांची आहे. किलोमीटर वाढवून देणारी जादा वॉरंटी विकत मिळते का ते विचारा. तीस-चाळीस लिटरला मिळत असेल तर मी घेईन.

तेलकट हात : आणि त्याच कागदावर चार्जर आणि कंट्रोलरची मुदत वेगळी लिहिलेली असते, खाली बारीक अक्षरात. ती किती आहे?

नवी गाडी : थांबा, चष्मा आणते.