यांगूनच्या पुरवठादाराला पत्र: उडदाचा भाव रुपयांत मागावा का?

डाळमिल_लातूर
१२० टन उडदाचा भाव ८५० डॉलर प्रतिटन आला आहे, न्हावाशेवा पोहोच. बोलणी सुरू असतानाच डॉलर ८८ वरून ९० रुपयांवर गेला. क्विंटलमागे १७० रुपये चढले, पण डाळीचा भाव तेवढा हलला नाही. असं पत्र पाठवू का?
“महोदय, विनिमय दर वारंवार बदलत असल्याने आपला डॉलरमधील भाव आम्हाला धरता येत नाही. कृपया याच मालाचा भाव रुपयांत नव्याने द्यावा.”

फॉरवर्डच_बरा
पाठवू नका. तो रुपयांत भाव देईल, पण धोका फुकट अंगावर घेणार नाही. उद्या ७८,००० रुपये प्रतिटन असं उत्तर आलं, तर त्याला ८५० ने भागा. ९१ रुपये ७६ पैसे येतात. म्हणजे त्याने डॉलर त्या दराने धरला. त्याच दिवशी बँकेकडून ४५ दिवसांचा फॉरवर्ड दर घ्या, म्हणजे तेव्हा घ्यायच्या डॉलरचा आजच पक्का केलेला दर. समजा तो ९० रुपये ३० पैसे मिळाला, तर टनामागे सव्वाबाराशे रुपये तुम्ही उगाच देताय. १२० टनांवर दीड लाखाच्या घरात जातं.

वाशी_दलाल
भागाकार बरोबर, पण फॉरवर्डचा त्रास सांगितला नाहीत. यांगूनहून जहाज लांबलं की ठरलेल्या तारखेला डॉलर घ्यायला माल नाही, कागद नाहीत. मग सौदा पुढे ढकला किंवा रद्द करा, फरक तुमच्या खात्यातून. पुरवठादाराने माल दिलाच नाही तरी बँकेशी केलेला सौदा उरतोच. रुपयांच्या भावात माल नाही तर देणं नाही. शिवाय छोट्या मिलची बँक मर्यादा फॉरवर्डमध्ये अडकते ती वेगळीच.

कस्टम_क्लिअरिंग
रुपयांत बीजक असेल तर सीमाशुल्कासाठी अधिसूचित केलेल्या डॉलर दराचा प्रश्नही मिटतो. ड्युटी वाचते, म्हणून मी रुपयांच्या बाजूने.

वाशी_दलाल
अर्धं बरोबर. आयात मालाचं बिल ऑफ एंट्री दाखल करण्याच्या दिवशीचा दर लागतो आणि रुपयांच्या बीजकाला तो लागत नाही, हे खरं. पण उडदाला शुल्कमाफी असताना वाचणार काय? हा मुद्दा शुल्क लागणाऱ्या मालासाठी ठेवा.

द्राक्ष_निर्यात
मीही नेदरलँड्सच्या ग्राहकाकडे रुपये मागावेत का? युरो सारखा खालीवर होतो.

वाशी_दलाल
इथे आयातीचं चाललंय. तुम्ही विक्रेते, तुमचा हिशेब उलटा. शिवाय त्या ग्राहकाला रुपये आणायचे कुठून, हे आधी विचारा.

परकीय_चलन_डेस्क
खरी अडचण तीच आहे, फक्त इथे ती यांगूनच्या बाजूला आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये रुपयांत व्यापाराची सोय केली. त्यात परदेशी बँकेचं रुपयांचं खास व्होस्ट्रो खातं इथल्या बँकेत असावं लागतं. म्यानमारच्या डाळींसाठी जानेवारी २०२४ मध्ये पंजाब नॅशनल बँकेमार्फत हा मार्ग खुला झाला. त्यामुळे पत्राआधी पुरवठादाराला एकच विचारा: तुमची बँक कोणती, आणि तिचं असं खातं आहे का? नसेल तर तो रुपयांत भाव देईल आणि पैसे मात्र डॉलरमध्येच मागेल.

खातं असेल तर पत्रात चार ओळी वाढवा:
“भाव न्हावाशेवा पोहोच, रुपये प्रतिटन द्यावा. तो ७२ तास धरून ठेवावा. बीजक व भरणा दोन्ही रुपयांतच असावे; बीजकाच्या दिवशीच्या डॉलर दराप्रमाणे रक्कम बदलणार नाही. तुलनेसाठी आजचा डॉलर भावही सोबत कळवावा.”

तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. “रुपयांत भाव, दरफरक वेगळा” असं अनेकजण लिहून देतात. तो डॉलरचाच भाव असतो, फक्त रुपयांत छापलेला. चौथ्या ओळीमुळे वरचा भागाकार करता येतो.

फॉरवर्डच_बरा
रुपये घेऊन तो करणार काय? डॉलर तिथे सगळे मागतात.

परकीय_चलन_डेस्क
भारतातून औषधं वगैरे मागवणाऱ्या तिथल्या आयातदारांना रुपये लागतात. शिवाय तिथल्या चलनाचा, क्यातचा, अधिकृत दर ऑगस्ट २०२२ पासून डॉलरला २,१०० आहे आणि खुला बाजार त्याहून कितीतरी वर. निर्यातीच्या डॉलरचा काही हिस्सा अधिकृत दराने विकावा लागतो. रुपयांचा हिशेब त्याला कसा बसतो, त्यावरच तुमच्या भावातलं जादा ओझं ठरेल. डॉलरची आकडेमोड बघून ते कळत नाही.

फॉरवर्डच_बरा
मग दुसरी बाजू ऐका. करार रुपयांत झाला आणि रुपया पुन्हा दोनाने घसरला, तर त्याला टनामागे अठरा-एकोणीस डॉलर कमी पडतील. तो माल भरायलाच उशीर करेल.

वाशी_दलाल
म्हणून एलसी, म्हणजे बँकेचं पतपत्र, रुपयांत उघडा आणि त्यात शेवटची लोडिंग तारीख घाला. तारीख उलटली की एलसीवर पैसे मिळत नाहीत.

फॉरवर्डच_बरा
पैसे वाचतील, उडीद नाही येणार. ऐन हंगामात मिल थांबवून कोणाचा फायदा?

डाळमिल_लातूर
बँकेचं खातं विचारणारा निरोप आत्ताच धाडला. उत्तर आलं की दोन्ही भाव इथे टाकतो. अर्धा लॉट रुपयांत आणि अर्धा फॉरवर्डवर घेता येईल का, तेही सांगा.