बुद्ध्यंक ७१ की ६६ ते ७६? हॉल खटल्यातील पट्ट्याविषयी

विधीचा_विद्यार्थी:
अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा ‘हॉल विरुद्ध फ्लोरिडा’ हा २०१४ चा निकाल वाचतो आहे. बौद्धिक अक्षमता सिद्ध झाली तर तिथे फाशी देता येत नाही; पण आरोपीचा बुद्ध्यंक ७० च्या वर असेल तर त्या अक्षमतेचा पुढचा पुरावा ऐकायचाच नाही, असा फ्लोरिडाचा दंडक होता आणि तो ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द झाला. ७१ गुण म्हणजे ६६ ते ७६ असा पट्टा समजावा, असे न्या. केनेडी म्हणतात. मला ही पळवाट वाटते. चाचणीने ७१ दिले असतील तर ते ७१ च का मानू नयेत?

चाचणीघर:
मी सव्वीस वर्षे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून बुद्धिमापनाच्या चाचण्या घेतल्या, म्हणून त्या अनुभवातून लिहिते. मुलाला किंवा आरोपीला आपण जे प्रश्न विचारतो, ते विचारता आले असते अशा असंख्य प्रश्नांपैकी थोडेसेच असतात. शब्दार्थाच्या उपचाचणीत नेमका माहीत असलेला शब्द आला की गुण वाढतो. ठोकळ्यांच्या रचनेत वेळ संपल्यावर दोन सेकंदांनी नक्षी जुळली की गुण जातो. आदल्या रात्रीची झोप, हात थरथरणे, समोरच्या माणसाची भीती हे सगळे त्यात मिसळलेले असते.

हा डळमळीतपणा किती, हे अंदाजाने सांगायचे नसते. चाचणीच्या पुस्तिकेत विश्वसनीयतेचा, म्हणजे गुण किती भरवशाचे हे ० ते १ मध्ये सांगणारा, आकडा दिलेला असतो. तो ०.९७ असेल, तर १ मधून वजा केल्यावर ०.०३ उरतात; त्याचे वर्गमूळ ०.१७३, आणि त्याला प्रमाण विचलनाने, म्हणजे लोकांचे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्या मापाने, इथे १५ ने, गुणले की सुमारे २.६ येतात. हीच मापनाची प्रमाण त्रुटी. तिच्या दुपटीइतके अंतर दोन्ही बाजूंना धरले की ७१ भोवती ६६ ते ७६ हा पट्टा तयार होतो. केनेडींनी तो पदरचा घातलेला नाही. शिवाय ७० ची रेषाच मुळी १०० या सरासरीपासून दोन प्रमाण विचलने खाली, अशा सांख्यिकी कल्पनेतून आलेली आहे. तेव्हा रेषा तेवढी शास्त्रातून घ्यायची आणि तिच्याबरोबर येणारी त्रुटी दाराबाहेर ठेवायची, हे मला पटत नाही.

सनद_१९९८:
मी फौजदारी वकिली करतो, आणि मला अल्पमतातल्या न्या. अलिटोंची बाजू अधिक पटते. त्रुटी दोन्ही दिशांना असते. ७१ चा माणूस खरा ६८ चा असू शकतो, तसाच ६९ चा खरा ७३ चा असू शकतो. पण पट्ट्याचा लाभ फक्त पहिल्याला मिळतो. आपल्याच आकड्यांनी पाहू. त्रुटी २.६ असताना ७१ मिळवणाऱ्याचा खरा गुण ७० किंवा त्याखाली असण्याची शक्यता ढोबळमानाने एक तृतीयांश भरते, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ७५ गुणांना तर ती शेकडा तीनच्या आसपास उतरते. अक्षमता सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असताना एवढ्या शक्यतेवर दार का उघडायचे? आणि रेषा पुसली गेली असेही नाही. ती ७५ वर सरकली. आता ७६ चा माणूस तीच तक्रार करेल.

मायक्रोमीटर:
पट्टा हवाच, पण वाद सोपा आहे. खरा बुद्ध्यंक ६६ ते ७६ मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के आहे. पट्टा रुंद वाटतो तर पुन्हा मोजा. कारखान्यात मी एकाच शाफ्टचा व्यास पाच वेळा घेऊन सरासरी काढतो. चार वेळा मोजले की त्रुटी निम्मी होते. हॉलच्या तर चाळीस वर्षांत नऊ चाचण्या झाल्या होत्या. सरासरी काढायची आणि मोकळे व्हायचे.

सातवीची_आई:
माझ्या मुलाला मागच्या वर्षी ८४ गुण आले. अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यासाठी आम्हाला किमान ८५ सांगितले होते, म्हणून एका गुणाने दाखला नाकारला. त्रुटी असतेच असे आपण म्हणता, तर तपासणाऱ्या बाईंची चूक झाली असे समजून दहावीच्या उत्तरपत्रिकांसारखी गुणपडताळणी मागता येते का?

चाचणीघर:
ताई, आधी तुमचे. ही चूक कोणा बाईंची नाही. बेरीज दहादा तपासली तरी ८४ च येतील. वेगळे प्रश्न, वेगळा दिवस असता तर गुण किती हलला असता, एवढेच ही त्रुटी सांगते. चाचणीची विश्वसनीयता ०.९१ धरली, तर ०.०९ चे वर्गमूळ ०.३ आणि त्रुटी ४.५ गुणांची येते. पट्टा ७५ ते ९३. त्यावरून मूल रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे सांगताच येत नाही. त्यामुळे पडताळणीपेक्षा, अहवालात गुणासोबत पट्टा लिहून द्या आणि वाचन-लेखनाच्या चाचण्यांसह एकत्र विचार करा, अशी लेखी विनंती करा. लगेच तीच चाचणी पुन्हा देऊ नका. प्रश्न ओळखीचे झाल्यामुळे वाढलेला गुण कोणी मानणार नाही.

मायक्रोमीटर यांची अडचणही तिथेच आहे. शाफ्टला पहिले माप आठवत नाही, माणसाला आठवते. शिवाय पुस्तिकेतली विश्वसनीयता बहुधा एकाच बैठकीतल्या प्रश्नांच्या परस्परमेळावरून काढलेली असते. माणूस वर्षानुवर्षे तुरुंगात असेल किंवा चाचणीची मानके, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करून गुण ठरतो ते लोकांचे आकडे, जुनी झाली असतील, तर सगळ्या नोंदी एकाच दिशेला सरकतात, आणि सरासरीने ते सरकणे जात नाही. मानके जुनी झाली की गुण फुगतात. अमेरिकेत हे फुगणे दशकाला साधारण तीन गुणांचे मानतात.

९५ टक्क्यांचे आपले वाक्यही अर्धेच बरोबर आहे. अशा पट्ट्यांपैकी शंभरात सुमारे ९५ मध्ये खरा गुण सापडतो, असा त्याचा अर्थ. या एका माणसाविषयी बोलायचे तर मिळालेला गुण थोडा सरासरीकडे ओढून घ्यावा लागतो. ७१ चे त्यामुळे ७१.९ होतात, काही बिघडत नाही. पण ताईंच्या मुलाचे ८४ चे ८५.४ होतात.

सातवीची_आई:
म्हणजे तो पात्र ठरतो?

चाचणीघर:
तसे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मी १०० ही सर्वसाधारण मुलांची सरासरी धरली. अडचण आहे म्हणूनच चाचणीला पाठवलेल्या मुलांची सरासरी धरली, तर ओढ कमी होईल किंवा उलट दिशेलाही जाईल. कोणती धरावी यावर आमच्यातही एकमत नाही.

सनद_१९९८:
आणि हॉलच्या नोंदींचे काय? त्या ६० पासून ८० पर्यंत होत्या. ७० च्या खालच्या दोन पुराव्याच्या नियमांमुळे बाजूला ठेवल्या. उरलेल्या सगळ्या ७१ ते ८०. सर्वच नोंदी वरच्या बाजूला चुकल्या, असे मानायचे का?

चाचणीघर:
हा मुद्दा मला पूर्ण खोडता येत नाही. अनेक चाचण्यांचे गुण एकत्र करून एकच पट्टा कसा काढावा, याचे सोपे उत्तर केनेडींच्या निकालातही नाही. पण ७१ म्हणजे अक्षमता सिद्ध झाली, असे तो निकाल म्हणत नाही. गुण त्रुटीच्या पट्ट्यात असेल तर रोजच्या जगण्यातल्या क्षमतेचा पुरावा आरोपीला मांडू द्या, एवढेच म्हणतो: माणूस पैशाचा हिशेब ठेवू शकत होता का, स्वयंपाक, प्रवास, ओळखीपाळखी जमत होत्या का, शिक्षकांनी लहानपणी काय नोंदवले. आपण एक तृतीयांश शक्यता काढलीत. फाशीच्या प्रकरणात तेवढ्या शक्यतेला साक्षीदारही बोलावू न देणे मला जड जाते. ७६ च्या माणसाची तक्रार खरी आहे, फक्त तिच्यामागची शक्यता ७१ वाल्यापेक्षा फारच कमी आहे.

विधीचा_विद्यार्थी:
पळवाट हा शब्द मी मागे घेतो. दार आणि निकाल यांत माझी गल्लत झाली होती. मात्र २०१७ च्या ‘मूर विरुद्ध टेक्सास’ मध्ये ७४ चा पट्टा ६९ ते ७९ धरला आहे. तिथे खालचे टोक केवळ एका गुणाने ७० च्या आत येते. प्रमाण त्रुटी २.५ ऐवजी १.९ असलेली चाचणी वापरली असती, तर तेच टोक ७० च्या बाहेर राहिले असते. मग कोणती चाचणी घ्यायची हे कोणी ठरवावे, आरोपीने की सरकारने?

सनद_१९९८:
हा प्रश्न मी कोर्टात विचारला असता.