पडताळणीत ‘सापडलं’ म्हणून टिक केलेलं यंत्र खरंच तेच असतं का?

मेधा_लेखा
चाकणजवळच्या प्लास्टिक मोल्डिंग कारखान्यात लेखा विभागात आहे. दर मार्चला मालमत्ता रजिस्टरची प्रिंट घेऊन दोन पोरं शॉपवर फिरतात, टिक करतात, सही घेतात. यंदा साहेब म्हणतात सगळ्यावर बारकोड लावू, कटकट संपेल. माझं मत उलटं आहे. बारकोडवर पैसे घालवू नका, आधी ही प्रिंट घेऊन फिरणं बंद करा. कोरा कागद घेऊन जा, दिसेल ते लिहा, मग रजिस्टरशी जुळवा. पटतं का कुणाला?

लाल_पेन्सिल
पटतं, आणि का ते एका कॉम्प्रेसरवरून सांगतो. अंतर्गत लेखापरीक्षणात बरीच वर्षं काढली आहेत, नाव-गाव विचारू नका.

रजिस्टरमध्ये ओळ होती: स्क्रू एअर कॉम्प्रेसर, १ एप्रिल २०१६, किंमत ९,००,०००, जागा युटिलिटी शेड. दरवर्षी टिक. मार्च २०२५ मध्ये मी नेमप्लेट पुसून वाचली, तर उत्पादनाचं वर्ष २०२२. सहा वर्षांनी जन्मलेलं यंत्र २०१६ च्या ओळीवर टिक होत होतं! झालं असं की १ ऑक्टोबर २०२२ ला जुना कॉम्प्रेसर डीलरने बदलीत नेला. नव्याची किंमत १४ लाख, जुन्याचे दीड लाख वजा, बिल साडेबारा लाखांचं. खरेदीवाल्यांनी तेच बिल लेख्यात दिलं, नवा साडेबारा लाखांची मालमत्ता म्हणून नोंदला गेला आणि जुन्याची ओळ कुणी काढलीच नाही. वर मेंटेनन्सच्या मुलाने जुन्या टॅगचा नंबर छापून नव्या यंत्रावर चिकटवला, कारण ‘टॅग नाही’ असा शेरा त्याला नको होता. नव्या ओळीवर मात्र ‘टॅग बाकी’ असाच शेरा अडीच वर्षं पडून होता, तो कुणाला खटकला नाही.

आता हिशेब. १५ वर्षं आयुष्य, ५ टक्के शेष किंमत, म्हणजे जुन्यावर वर्षाला ५७,००० घसारा. साडेसहा वर्षांत ३,७०,५०० गेले, उरले ५,२९,५००. त्यातून दीड लाख मिळाले, म्हणजे ३,७९,५०० तोटा तेव्हाच दाखवायला हवा होता. तो दाखवला नाही, उलट नसलेल्या यंत्रावर पुढची अडीच वर्षं घसारा चालू राहिला. नवा दीड लाखाने कमी धरल्यामुळे त्याचा घसारा वर्षाला साडेनऊ हजारांनी कमी. हे सगळं जुळवून मार्च २०२५ ला मालमत्ता २,६०,७५० ने फुगलेली निघाली.

आणि गंमत बघा, आयकराच्या बाजूला हे कधीच दिसलं नसतं. तिथे यंत्रांचा एकच गट. नव्याचे १४ लाख गटात जमा, जुन्याचे दीड लाख वजा, उरतात साडेबारा. बिलाचाही आकडा साडेबारा! चूक असूनही उत्तर बरोबर, म्हणून टॅक्स ऑडिट दरवर्षी सुखाने पार पडलं.

हिशेबी_पंत
अहो, बारकोड असता तर हे झालंच नसतं. स्कॅनर खोटं बोलत नाही. आणि मेधाताई, एवढ्या ओळी ठेवताच कशाला? ५,००० च्या आतलं सगळं पहिल्याच वर्षी शंभर टक्के खर्चात टाका, कायद्यातच तशी तरतूद आहे. यंत्रांवर १५ टक्के घसारा लावा की झालं.

लाल_पेन्सिल
पंत, स्कॅनरने काय वाचलं असतं? मुलाने चिकटवलेला जुनाच नंबर. त्याने ‘सापडलं’ म्हटलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं, स्टिकर सापडला होता!

५,००० ची तरतूद जुन्या कंपनी कायद्याच्या चौदाव्या परिशिष्टात होती. १ एप्रिल २०१४ पासून दुसरं परिशिष्ट आलं त्यात ती नाही. आता मर्यादा कंपनीने स्वतःच्या धोरणात ठरवायची आणि ऑडिटरला ती पटली पाहिजे. आणि १५ टक्के हा आयकराचा दर, कंपनीच्या पुस्तकात १५ वर्षं. आकडा एक, अर्थ दोन. या घोटाळ्यात भलेभले पडतात.

हिशेबी_पंत
परिशिष्टाचं मान्य, जुनी सवय. पण मर्यादा हवीच या मतावर मी ठाम आहे.

टूलरूम_नाना
मी मेधाताईंच्या विरोधात. कोरा कागद घेऊन आमच्या टूलरूममध्ये या, दिवसभरात दीडशे मोल्ड लिहाल. त्यातले आमचे किती? निम्मेसुद्धा नाहीत. ग्राहक कंपनी मोल्डचे पैसे देते, मोल्ड तिच्या मालकीचा, आमच्याकडे फक्त भाग काढायला ठेवलेला. बेसवर तिची पट्टी असते, पण तेल-ग्रीसखाली दिसत नाही. तुम्ही ‘जास्तीचं सापडलं’ म्हणून रजिस्टरमध्ये चढवाल आणि उद्या ग्राहक ट्रक घेऊन आला की डोक्याला हात लावाल.

उलट आमचे स्वतःचे पंधरा-वीस मोल्ड जॉबवर्कवाल्यांकडे, म्हणजे बाहेर आमचं काम करून देणाऱ्यांकडे, भोसरीला पडलेत. ते तुमच्या शॉपवर दिसणारच नाहीत. ते प्रिंट घेऊनच शोधावे लागतात.

टॅगबद्दल सांगायचं तर कागदी स्टिकर मोल्डवर आठवडाभरही टिकत नाही. तेल, उष्णता, क्रेनची साखळी. आम्ही बेसच्या बाजूला पंचने नंबर ठोकतो, म्हणजे ग्राइंड केल्याशिवाय जात नाही. तुमच्या कॉम्प्रेसरलाही तसंच करा, कुणी दुसऱ्यावर चिकटवणार नाही.

मेधा_लेखा
नाना, ग्राहकांच्या मोल्डचं माझ्या डोक्यातच नव्हतं. पण बाहेर पडलेल्या मोल्डचं काय करता? जीएसटीत तीन वर्षांत परत आणावे लागतात ना?

टूलरूम_नाना
यंत्र पाठवलं तर तीन वर्षं. मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर यांना ती मुदत नाही. म्हणूनच ते विसरले जातात, मुदत असती तर कुणीतरी आठवण ठेवली असती. आम्ही वर्षातून एकदा जॉबवर्कवाल्याकडून पंच नंबरसकट यादी आणि फोटो मागवतो. फोटोत नंबर आणि मोल्डखालची फरशी दोन्ही दिसली पाहिजे, नाहीतर गेल्या वर्षीचाच फोटो येतो.

खडू_फळा
मी निवृत्त मुख्याध्यापक. आमच्या शाळेत टिकाऊ सामानाची जडसंग्रह नोंदवही असते. पडताळणी दरवर्षी व्हायची आणि सगळं जागेवर सापडायचं, कारण मोडलेलं टाकायची सोयच नव्हती! एका खोलीत तुटक्या बाकांचा डोंगर, निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याची, परवानगी येईपर्यंत बाकांना हात लावायचा नाही. मोजून मोजून तीच ५२ बाकं. आता ही बाकं ‘आहेत’ म्हणायची की ‘नाहीत’? तुम्ही खाजगीवाले नशीबवान, डीलरने नेलं तरी कुणाला पत्ता नाही.

लाल_पेन्सिल
सर, तुमचा प्रश्न कारखान्यांनाही लागू आहे. पडताळणीच्या कागदावर ‘आहे’ आणि ‘नाही’ हे दोनच रकाने असतात. तिसरा हवा, ‘आहे पण वापरात नाही’. नाहीतर शेडमागे गंजणारं यंत्र चालत्या यंत्राच्या किमतीला पुस्तकात बसून राहतं.

गेटपास_गौरी
सगळे शॉपवर काय फिरताय? गेटवर जा. मी स्टोअर्स बघते. यंत्र पाय फुटून जात नाही, गेटपासवर जातं. वर्षभराचे गेटपास काढा, ‘परत येणार नाही’ प्रकारचे वेगळे करा आणि ‘परत येणार’ असूनही न आलेले वेगळे करा. ही यादी रजिस्टरमधून कमी केलेल्या मालमत्तेशी लावा. जुळली नाही तिथेच तुमचा कॉम्प्रेसर. एका दिवसाचं काम आहे, ना बारकोड ना कोरा कागद.

आणि पेन्सिलदादा, त्या बदलीच्या बिलात जीएसटीचंही चुकलंय. डीलरने नव्याचं बिल १४ लाखांवर करायला हवं होतं. नियमात जुना फोन देऊन नवा घेण्याचं उदाहरणच आहे: बदलीत २०,००० ला दिलेला फोन बदलीशिवाय २४,००० चा असेल तर मूल्य २४,०००. आणि तुमच्या कंपनीने जुन्याचं वेगळं विक्री बिल काढायला हवं होतं. ते निघालं असतं तर लेख्याला आपोआप कळलं असतं.

लाल_पेन्सिल
बरोबर. विक्री बिल निघालंच नव्हतं, डीलरच्या बिलावर ‘जुने यंत्र वजा’ एवढी एकच ओळ. गेटपास मात्र होता, त्यावर लिहिलं होतं ‘दुरुस्तीसाठी’.

गेटपास_गौरी
‘दुरुस्तीसाठी’ म्हणजे परत येणार. म्हणजे अडीच वर्षं तो गेटपास उघडा होता आणि कुणी पाठपुरावा केला नाही. घ्या!

हिशेबी_पंत
आता दुरुस्ती कशी केली? मागची पुस्तकं उघडली का?

लाल_पेन्सिल
कंपनी जुन्या लेखामानकांवर आहे, त्यामुळे मागचे आकडे बदलले नाहीत. मागील कालावधीची बाब म्हणून २,६०,७५० चालू वर्षाच्या नफातोट्यात वेगळे दाखवले. इंड एएस, म्हणजे नव्या लेखामानकांवरची कंपनी असती आणि रक्कम तिच्या मानाने मोठी असती, तर मागच्या वर्षाचे आकडे नव्याने मांडावे लागले असते.

शिफ्ट_इन्चार्ज
उशिरा लिहितोय. पेन्सिलसाहेब, कॉम्प्रेसर बदलला तेव्हा हवेची टाकी आणि ड्रायरपण बदलला का? डीलर बहुतेकदा फक्त कॉम्प्रेसर नेतो. टाकी आमच्याकडे अजून जुनीच आहे, तिचं प्रेशर टेस्टचं सर्टिफिकेट दर वेळी त्याच नंबरवर येतं. आणि कॉम्प्रेसर दोन शिफ्ट चालतो की नाही हे तुम्ही विचारलं का? दोन शिफ्टला घसारा दीडपट.

लाल_पेन्सिल
शिफ्टचं लॉगबुक पाहिलं होतं, एकच शिफ्ट. पण टाकीवर तुम्ही मला पकडलंत. टाकी जुनीच होती आणि ९ लाखांत ती धरलेली होती. म्हणजे जुनी ओळ पूर्ण काढणं हेही चूक.

टूलरूम_नाना
म्हणजे दरवर्षीचं टिक अर्धं खरं होतं की! सापडत होती ती टाकी.

मेधा_लेखा
मग ९ लाखांतले टाकीचे किती धरायचे? २०१६ च्या बिलात एकच रक्कम असेल तर?

शिफ्ट_इन्चार्ज
आजच्या कोटेशनमध्ये टाकीचे किती टक्के येतात ते बघा आणि तेवढे टक्के ९ लाखांना लावा.

लाल_पेन्सिल
मला ते पटत नाही. आजच्या किमतींचं प्रमाण २०१६ ला तसंच होतं कशावरून? आधी जुनी पर्चेस ऑर्डर शोधतो, ऑर्डरमध्ये भावांची फोड असते, बिलात नसली तरी. ती नाहीच मिळाली तर मग तुमचं कोटेशन.

मेधा_लेखा
आमच्या युटिलिटी शेडमध्ये आत्ता जाऊन आले. दोन कॉम्प्रेसर, रजिस्टरमध्ये तीन. नेमप्लेटवर रंग मारलाय, उद्या थिनर घेऊन जाते.