चर्चा: लांब इतिवृत्ताचे तुकडे करून सारांश काढावा का?

गिरणाकाठ (भडगाव)

आमची पाणीवापर संस्था गिरणेच्या कालव्यावर आहे. 2009 ते 2024 या काळातल्या सगळ्या सभांचं इतिवृत्त टाइप करून झालंय, 210 पानं भरलीत. वार्षिक सभेत सभासदांच्या हातात दोन पानं द्यायचीत. एआयच्या चॅटमध्ये सगळं एकदम चिकटवलं तर घेत नव्हतं. म्हणून बारा-बारा पानांचे 18 तुकडे केले, प्रत्येकाचा सारांश घेतला आणि ते 18 सारांश चिकटवून त्यांचा एक सारांश मागितला. त्यात आलं, 'थकबाकीवर विलंब आकार 5 ते 10 टक्के'. असा ठराव संस्थेनं कधीच केलेला नाही. ही पद्धतच चुकीची आहे का?

चाळीसगाव_किरण

पद्धतच चुकीची. तुकडे करण्याचे दिवस गेले. आता शेकडो पानं एकदम घेणारी मॉडेल आलीत, त्यातलं एखादं घ्या आणि पूर्ण फाइल द्या. तुकडा केला की एका सभेचा दुसऱ्या सभेशी असलेला धागा तुटतो. इतिवृत्तात सगळा अर्थ त्या धाग्यातच असतो.

निलेश_धुळे

धागा तुटतो हे किरणभाऊंचं म्हणणं बरोबर आहे. पण पूर्ण फाइल दिली म्हणजे तो आपोआप जुळेल, हे मला मान्य नाही. मी लांब कागदपत्रं हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी '5 ते 10' कुठून आलं ते पाहू. गिरणाकाठ, तुमच्याकडे बहुतेक एका जुन्या सभेत 10 टक्क्यांचा ठराव असेल आणि नंतरच्या एखाद्या सभेत तो 5 वर आणला असेल. हे दोन ठराव दोन वेगळ्या तुकड्यांत गेले. पहिल्या तुकड्याच्या सारांशानं लिहिलं 'विलंब आकार 10 टक्के ठरला', दुसऱ्यानं लिहिलं 'विलंब आकार 5 टक्के करण्यात आला'. छोटं करायला सांगितलं की तारीख आणि ठराव क्रमांक सगळ्यात आधी गळतात, कारण ते बारीकसारीक वाटतात. मग जोडणाऱ्या पायरीसमोर एकाच गोष्टीचे दोन आकडे येतात आणि कोणता आधीचा, कोणता नंतरचा हे सांगणारं काहीच उरत नाही. दोन्ही आकडे सांभाळायचे म्हणून ती त्यांची 'पासून-पर्यंत' करून टाकते. मूळ कागदात नसलेली गोष्ट तयार होते ती इथे, आणि वाचायला ती अगदी गुळगुळीत लागते, म्हणून पकडता येत नाही.

गिरणाकाठ (भडगाव)

तसंच आहे. 2014 च्या सभेत ठराव 6, थकबाकीवर 10 टक्के विलंब आकार. 2017 मध्ये ठराव 9, 'ठराव क्र. 6 मध्ये दुरुस्ती करून आकार 5 टक्के करावा'. आणि 2020 च्या एका सभेत फक्त एवढंच, 'मागील ठरावाची अंमलबजावणी पुढील निर्णयापर्यंत स्थगित'. हा तिसरा तर अंतिम सारांशात आलाच नाही.

भुसावळ_वकील

माझ्याकडे भूसंपादनाचा निवाडा आहे, चारशे पानं, त्यातली बहुतेक गटनिहाय तक्त्यांची. त्याचे तुकडे करून एकूण मोबदला काढला तर प्रत्येक वेळी वेगळी बेरीज येते. यावर कोणी उपाय सांगेल का?

निलेश_धुळे

वकीलसाहेब, तुमची अडचण वेगळी आहे. तक्त्याचा सारांश मागूच नका. रकाने जसेच्या तसे स्प्रेडशीटमध्ये आणा आणि बेरीज तिथेच करा. शिवाय तुकड्यांच्या कडेची पानं दोन्हीकडे ठेवली असतील, तर तिथले गट दोनदा मोजले जातात. बेरीज बदलण्याचं ते एक नेहमीचं कारण असतं.

आता गिरणाकाठ. तुमच्या कामाला तुकडे चालतात, पण दोन गोष्टी बदलाव्या लागतील.

पहिली, तुकडा पानांवर तोडू नका, सभेवर तोडा. बारा पानं झाली म्हणून सभेच्या मधोमध चिरलं, तर 'सदर विषयावर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' हे वाक्य दुसऱ्या तुकड्यात जातं आणि 'सदर विषय' पहिल्यात राहतो. एका तुकड्यात दोन-तीन सभा पूर्ण आल्या की झालं, तुकडे लहानमोठे असले तरी बिघडत नाही.

दुसरी जास्त महत्त्वाची. पहिल्या फेरीत सारांश मागूच नका, नोंदी मागा. प्रत्येक ठरावाची एक ओळ: सभेची तारीख, ठराव क्रमांक, विषय, काय ठरलं, कोणत्या आधीच्या ठरावाला हात लावला, आणि मूळ वाक्य जसंच्या तसं. तुमच्या 2017 च्या ठरावाची ओळ अशी येईल:

```
2017 | ठराव 9 | विलंब आकार | 5 टक्के | बदलतो: ठराव 6 | "ठराव क्र. 6 मध्ये दुरुस्ती करून आकार 5 टक्के करावा"
```

वर्षाच्या जागी पूर्ण तारीख घ्या. अशा ओळी सगळ्या तुकड्यांतून जमल्या की त्या विषयानुसार एकत्र करा आणि विषयाच्या आत तारखेनं लावा. हे काम मॉडेलला द्यायचंही कारण नाही, स्प्रेडशीटच्या सॉर्टनं होतं. मग 'विलंब आकार' या विषयाखाली 2014 चे 10 आणि 2017 चे 5 एकाखाली एक दिसतील, दुसऱ्याशेजारी 'बदलतो: ठराव 6' असेल. ही तयार साखळी देऊन परिच्छेद लिहायला सांगा. '5 ते 10' लिहायला तिथे जागाच राहत नाही.

चाळीसगाव_किरण

एवढी मेहनत कशासाठी? पूर्ण फाइल एका नजरेत घेणाऱ्या मॉडेलला 2014 आणि 2017 दोन्ही दिसतात, ते स्वतःच जोडेल.

निलेश_धुळे

दिसणं आणि वापरणं यात फरक पडतो. लांब मजकुराच्या सुरुवातीला आणि शेवटी असलेली माहिती मॉडेल नीट उचलतात आणि मधली निसटते, हे 2023 मधल्या एका संशोधनात मोजून दाखवलं होतं. त्यानंतर मॉडेल सुधारलीत, तरी दीडशे ठरावांतली 'स्थगित' ही एक ओळ दोन पानांच्या सारांशात टिकेल याची खात्री मी देणार नाही. देवनागरी मजकूर त्याच अर्थाच्या इंग्रजीपेक्षा मॉडेलच्या मोजणीत जास्त जागा खातो, त्यामुळे '210 पानं सहज मावतात' असं इंग्रजी पानांवरून ठरवू नये.

आणि पूर्ण चिकटवलंच, तर सारांश मागण्याआधी एक प्रश्न विचारा: शेवटची सभा कोणत्या तारखेची, आणि तिचा शेवटचा ठराव काय? काही ठिकाणी जास्तीचा मजकूर न सांगता कापला जातो. उत्तर 2024 ऐवजी 2019 आलं, तर उरलेली पाच वर्षं त्यानं पाहिलेलीच नाहीत.

एवढं मात्र मान्य करतो की तुमचा मार्ग पडताळणीला चांगला आहे. साखळ्या तयार झाल्यावर पूर्ण फाइल देऊन 'विलंब आकाराबद्दलची सगळी वाक्यं तारखेसह दे' असं एकेका विषयापुरतं विचारलं, तर राहिलेलं बऱ्याचदा सापडतं.

शोभाताई_नंदुरबार

मी निलेशभाऊंशी सहमत नाही. मी आश्रमशाळांच्या तपासणी अहवालांवर हे काम करते. तुकडे वेगवेगळे वाचून शेवटी जोडण्यापेक्षा मी चालता सारांश ठेवते. पहिल्या तुकड्याचा सारांश आणि दुसरा तुकडा एकत्र देते, सुधारलेला सारांश घेते, त्यासोबत तिसरा देते. मॉडेलसमोर 2017 चा ठराव येतो तेव्हा 2014 चा सारांशात असतोच, त्यामुळे दुरुस्ती तिथल्या तिथे लागते. तुमच्या पद्धतीत तुकड्याला आधीचं काहीच माहीत नसतं.

निलेश_धुळे

ताई, दुरुस्त्यांच्या बाबतीत तुमचं म्हणणं पटतं. हे दोन्ही मार्ग लांब पुस्तकांवर तपासणारं एक संशोधन आहे. त्यात जोडून केलेला सारांश जास्त सुसंगत निघाला आणि चालत्या सारांशात तपशील जास्त टिकला. काही वाचकांनी सुसंगती कमी असूनही तपशीलवालाच पसंत केला.

माझी काळजी वेगळी आहे. चालता सारांश अठरा वेळा नव्यानं लिहिला जातो. 2009 ची एखादी गोष्ट अठरा वेळा चाळणीतून जाते, 2024 ची एकदाच. तिसऱ्या फेरीत काही चुकीचं शिरलं, तर पुढच्या पंधरा फेऱ्या ते खरं धरूनच चालतात आणि चूक कुठे शिरली ते शोधता येत नाही. नोंदींमध्ये प्रत्येक ओळीला मूळ वाक्य बांधलेलं असतं, संशय आला की फाइलमध्ये तेच वाक्य शोधायचं. सापडलं नाही तर ती ओळ रद्द.

शोभाताई_नंदुरबार

पण चर्चेचा सूर? कोणी विरोध केला, कोणता प्रश्न सतत पुढे ढकलला गेला, हे ओळींच्या रकान्यांत बसत नाही. आमच्या अहवालांत 'पाण्याची टाकी दुरुस्त करावी' हे वर्षानुवर्षं येतं, आणि ते वारंवार येणं हीच खरी बातमी असते. नोंदी काढल्या तर ती एक मामुली ओळ होऊन बसेल.

निलेश_धुळे

उलट, नोंदींमध्ये ते मोजता येतं, विषयाखाली किती ओळी आहेत ते समोरच दिसतं. विरोध आणि सूर मात्र खरोखरच निसटतात. त्यासाठी एक वेगळा रकाना मी ठेवतो, पण तो चांगला भरला जातो असं म्हणवत नाही.

आबा_पारोळा

मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, आयुष्यभर प्रोसिडिंग लिहिलं. भो, 2020 चं ते 'मागील ठरावाची' कोणतंच यंत्र सोडवणार नाही. मागील म्हणजे त्याच सभेतला आधीचा, मागच्या सभेतला, की विलंब आकाराचा? आम्ही लिहिणारे सभेत बसलेल्यांसाठी लिहीत होतो, त्यांना ठाऊक असायचं. त्या सभेची नोटीस काढा, विषयपत्रिकेत तो विषय कितवा होता ते बघा.

निलेश_धुळे

आबा म्हणतात ते सूचनेतच घालायला हवं: 'मागील, वरील, सदर असा उल्लेख कशाचा हे त्याच तुकड्यात स्पष्ट नसेल तर अंदाज करू नको, अस्पष्ट असं लिही.' हे सांगितलं नाही तर मॉडेल जवळचा ठराव पकडून मोकळं होतं. अस्पष्ट ओळींची यादी निघाली की ती आबांसारख्या माणसाकडे न्यायची. 210 पानांत अशा ओळी मोजक्याच असतात.

गिरणाकाठ (भडगाव)

सभेवर तोडून नोंदी काढल्या. विलंब आकाराची साखळी जमली: 2014 ला 10, 2017 ला 5. पडताळणीसाठी इतिवृत्तातल्या 'ठराव क्र.' या शब्दांची संख्या आणि नोंदींची संख्या जुळवून पाहिली. शब्द जास्त वेळा येतो, कारण दुरुस्तीच्या ठरावात जुना क्रमांकही असतो. ते वजा केल्यावरही दोन ठराव कमी भरले. दोन्ही एकाच लांबलचक सभेतले निघाले, त्या तुकड्यात चार सभा घातल्या होत्या. तो तुकडा मोडून पुन्हा केला तेव्हा आले.

अस्पष्ट म्हणून सहा ओळी निघाल्या. 2020 ची त्यातच आहे. त्या सभेची नोटीस दप्तरात सापडत नाही. 2019 च्या शेवटच्या सभेत टेलच्या शेतकऱ्यांना आवर्तनात पहिलं पाणी देण्याचा ठराव होता, स्थगिती त्यालाही असू शकते.

चाळीसगाव_किरण

मग दोन पानांत काय लिहिणार? सभासद विचारतील, आकार आज लागू आहे की नाही.

आबा_पारोळा

2020 नंतरच्या पावत्या पाहा. त्यांवर 5 टक्के आकारले असतील तर स्थगिती पाण्याची होती.

शोभाताई_नंदुरबार

पावतीवरून वसुली कळेल, ठराव कशाचा होता ते कळणार नाही. स्थगिती असूनही वसूल केले असतील तर? मी असते तर तिन्ही ठराव तारखांसह जसेच्या तसे दिले असते आणि अर्थ सभेनं लावावा असं लिहिलं असतं.

गिरणाकाठ (भडगाव)

पावत्यांचं पुस्तक आमच्या कॅनॉल इन्स्पेक्टरकडे आहे, उद्या मागवतो. 5 टक्के दिसले तरी ताई म्हणतात तसं तिन्ही ठराव मूळ शब्दांत देणार आहे, त्यापायी दोनाची अडीच पानं झाली तरी चालेल.